सात टक्के मोठे की साडेसात? ठेव आणि करमुक्त रोखे एकाच मापाने मोजताना

आजचा विषय छोटा आहे, पण निवृत्तीची रक्कम हातात आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटणारा आहे. समोर दोन कागद असतात. एक बँकेचा, पाच वर्षांच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज. दुसरा एखाद्या सरकारी कंपनीच्या करमुक्त रोख्याचा, दर्शनी किंमत १,००० रुपये, व्याज साडेसात टक्के, पाच वर्षं शिल्लक, आणि शेअर बाजारात आजचा भाव १,०९० रुपये. कुठला घ्यायचा?

यावर दोन तयार उत्तरं ऐकू येतात. पहिलं असं, की साडेसात हे सातापेक्षा जास्त आणि वर करही नाही, मग विचार कसला करायचा? दुसरं असं, की हजाराची वस्तू एक हजार नव्वदला कोण घेणार, आपली बँक बरी. दोन्ही उत्तरं चुकीच्या कारणांवर उभी आहेत. आमच्याकडे नकाशावाचन शिकवताना पहिल्याच दिवशी सांगायचे, की एक नकाशा पन्नास हजारांत एक या प्रमाणाचा आणि दुसरा अडीच लाखांत एक या प्रमाणाचा असेल, तर दोन्हींवर फूटपट्टी ठेवून इंच मोजू नका, आधी दोन्ही किलोमीटरमध्ये आणा. इथेही तेच करायचं आहे. ठेवीचे ७ टक्के करापूर्वीचे आहेत आणि तिमाही चक्रवाढीचे आहेत. रोख्याचे साडेसात टक्के करमुक्त आहेत, पण ते १,००० वर आहेत आणि तुम्ही देणार आहात १,०९०. ही दोन मापं वेगळी आहेत. दोन्ही एकाच मापात आणायची, आणि ते माप म्हणजे कर भरून झाल्यावर, वर्षाला, खरोखर गुंतवलेल्या रुपयावर हातात उरणारा टक्का. त्याला आपण करपश्चात परतावा म्हणू.

आकडे मी समजायला सोपे पडतील असे घेतले आहेत. तुमच्या दिवशीचे दर आणि भाव वेगळे असतील, रीत तीच राहील.

आधी हे रोखे काय आहेत ते थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वेची वित्त कंपनी, आरईसी, पीएफसी, हुडको, नाबार्ड अशा सरकारी संस्थांनी मुख्यतः २०११-१२ ते २०१५-१६ या काळात १०, १५ आणि २० वर्षांचे करमुक्त रोखे काढले. त्यांच्या व्याजावर प्राप्तिकर नाही, ते व्याज तुमच्या करपात्र उत्पन्नात धरलंच जात नाही. त्यानंतर असे नवे रोखे आले नाहीत. तेव्हा आज घ्यायचे तर डीमॅट खात्यातून, शेअर बाजारात, ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून, आणि चालू भावाने. ते जुने व्याजदर आज आकर्षक वाटतात, म्हणूनच भाव हजाराच्या वर असतो. हा वरचा पैसा हिशोबात कसा बसवायचा, हीच या विषयाची गाठ आहे.

पहिला कागद, ठेव. ७ टक्के व्याज दर तीन महिन्यांनी मुदलात मिळतं. म्हणजे तिमाहीला १.७५ टक्के, आणि चार तिमाह्यांची चक्रवाढ धरून वर्षाचे होतात ७.१९ टक्के. आता यातून कर. जो माणूस ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याला उपकर धरून ३१.२ टक्के कर लागतो, म्हणजे शंभरातले ६८.८ रुपये उरतात. ७.१९ गुणिले ०.६८८, उत्तर ४.९४ टक्के. ठेवीचा करपश्चात परतावा हा.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ठेव पाच वर्षांनी एकदम मिळणारी असली, तरी बँक व्याज दरवर्षी तुमच्या नावावर दाखवते आणि साधारणपणे आपण त्यावर दरवर्षीच कर भरतो. म्हणून कर शेवटी एकदाच कापून हिशोब करायचा नाही, वर्षाच्या दरातूनच कापायचा. दोन, काही जाहिरातींत याच ठेवीचा परतावा ८.३० टक्के असा लिहिलेला दिसतो. तो कुठून येतो? एक लाखाचे पाच वर्षांत होतात १,४१,४७८. त्यातले ४१,४७८ भागिले पाच केले की ८.३०. चक्रवाढीचं व्याज सरळव्याजासारखं वाटून घेतलं की आकडा फुगतो. मुदत जितकी लांब, तितका जास्त फुगतो. तो आकडा तुलनेत घेऊ नका. तुलनेत ७.१९ घ्यायचे.

दुसरा कागद, रोखा. इथे तीन आकडे तुमच्यासमोर येतील, आणि त्यातला एकच उपयोगाचा आहे. पहिला ७.५०, हा रोख्याच्या नावातच असतो. पण तो दर्शनी किमतीवर आहे, आणि तुम्ही १,०९० देत आहात. दुसरा ६.८८, म्हणजे ७५ रुपये भागिले १,०९०. हा थोडा बरा, पण यात एक गोष्ट सुटते. पाच वर्षांनी तुम्हाला १,०९० परत मिळणार नाहीत, १,००० च मिळणार आहेत. वरचे ९० रुपये गेले. ते पाच वर्षांवर पसरले, तर दरवर्षीच्या ७५ रुपयांतले साधारण १८ रुपये हे तुमचेच भांडवल तुमच्याकडे परत येत आहे, ते व्याज नाही. खरं उत्पन्न राहिलं ५७ रुपये. आणि तुमची सरासरी गुंतवणूक किती? १,०९० पासून १,००० पर्यंत उतरत जाणारी, म्हणजे मधली १,०४५. ५७ भागिले १,०४५, उत्तर आलं ५.४५ टक्के.

हा कागद-पेन्सिलीचा अंदाज झाला. नेमका आकडा संगणकावर किंवा फोनवरच्या एक्सेलमध्ये एका ओळीत निघतो, त्याला मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा म्हणतात. पहिली ओळ रोख्याची आहे, दुसरी ठेवीची.

```
=RATE(5,75,-1090,1000)
=((1+7%/4)^4-1)*(1-31.2%)
```

पहिल्या ओळीत पाच म्हणजे उरलेली वर्षं, ७५ दरवर्षीचं व्याज, उणे १,०९० म्हणजे खिशातून गेलेले पैसे, आणि १,००० शेवटी परत येणारे. पैसे जातात म्हणून उणे चिन्ह लागतंच, ते विसरलात तर चौकटीत चूक दिसेल. उत्तर कदाचित नुसतं ५ टक्के असं दिसेल, कारण एक्सेल दशांश लपवतं. दोन दशांश उघडले की ५.४० दिसतील. दुसऱ्या ओळीचं उत्तर ४.९४.

रोख्याच्या व्याजावर कर नाही, म्हणून ५.४० मधून काही कापायचं नाही. हाच त्याचा करपश्चात परतावा. आता दोन्ही कागद एका मापात आले. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ठेव ४.९४ आणि रोखा ५.४०. रोखा सरस.

पण थांबा. हे उत्तर त्या माणसाचं झालं, सगळ्यांचं नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला उपकर धरून २०.८ टक्के कर लागतो. त्याची ठेव ७.१९ गुणिले ०.७९२, म्हणजे ५.६९. त्याच्यासाठी ठेवच सरस. १५ टक्क्यांच्या टप्प्यात ठेवीचे ६.०७ उरतात. आणि ज्याला करच लागत नाही, त्याला पूर्ण ७.१९ मिळतात, त्याने ५.४० चा करमुक्त रोखा घेणं म्हणजे जी सवलत आपल्या कामाची नाही तिची किंमत मोजणं. रोखा तोच, ठेव तीच, भावही तोच. बदलला फक्त माणूस, आणि उत्तर उलटलं. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यायचे, हे या बाबतीत अजिबात चालत नाही, ते याच कारणाने.

मग सीमारेषा कुठे आहे? तीही काढता येते. ५.४० भागिले ७.१९ केलं की ०.७५ येतात. म्हणजे ठेवीच्या व्याजातले शंभरात ७५ रुपये हातात उरले, तर दोन्ही सारखे. कराचा दर साधारण २५ टक्के असेल तर बरोबरी, त्याच्या वर रोखा, त्याच्या खाली ठेव. नव्या करपद्धतीत २५ टक्क्यांचा टप्पा आहे, उपकर धरून २६. त्या माणसाची ठेव पडते ५.३२, रोखा ५.४०. इतका निसटता फरक असेल, तर तो दलालीत आणि खरेदीच्या भावातच संपून जातो. तिथे परताव्यावरून निर्णय करू नका, बाकीच्या गोष्टींवरून करा. त्या पुढे सांगतो.

हे टक्के खरे आहेत का, याची रुपयांत उलटतपासणी करू. १,००० रोखे घेतले, १० लाख ९० हजार गेले. दरवर्षी ७५,००० व्याज, पाच वर्षांत ३,७५,०००. शेवटी १० लाख परत, म्हणजे ९०,००० कमी. निव्वळ मिळकत २,८५,०००. तेच १० लाख ९० हजार ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले आणि व्याज दर तिमाहीला काढून घेतलं, तर वर्षाला ७६,३००. त्यातून ३१.२ टक्के कर गेला की उरतात ५२,४९४. पाच वर्षांत २,६२,४७०, आणि मुद्दल पूर्ण परत. रोखा साडेबावीस हजारांनी पुढे. आता २०.८ टक्के करवाल्याचं बघा. त्याच्या हातात वर्षाला ६०,४३० राहतात, पाच वर्षांत तीन लाख दोन हजारांच्या आसपास. तो ठेवीत सतरा हजारांनी पुढे. टक्क्यांनी जे सांगितलं, तेच रुपयांनी सांगितलं.

या रुपयांच्या हिशोबात घरखर्चाच्या दृष्टीने एक गोष्ट दडलेली आहे. रोख्याचे ७५,००० दरवर्षी आले आणि सगळे खर्च केले, तर पाच वर्षांनी हातात १० लाखच येतील, १० लाख ९० हजार नाहीत. त्या ७५,००० मध्ये साधारण १८,००० तुमच्या मुदलाचे आहेत. मुद्दल शाबूत ठेवायचं असेल तर तेवढे दरवर्षी बाजूला टाकायला हवेत. ठेवीत ही काळजी नाही. निवृत्त माणसाला दरवर्षी येणारी मोठी रक्कम सुखावते, आणि त्या सुखात मुद्दल हळूच झिजतं.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. या सगळ्या हिशोबात एकच आकडा तुमचा स्वतःचा आहे, तो म्हणजे तुमचा करदर. आणि नेमका तोच आपण अंदाजाने घालतो. बरेच जण म्हणतात, बँक १० टक्के कापून घेते, म्हणजे माझा कर १० टक्के. तसं नाही. ती उद्गम करकपात आहे, आगाऊ जमा. खरा कर विवरणपत्र भरताना ठरतो. दुसरे काही जण एकूण कर भागिले एकूण उत्पन्न करून सरासरी दर घालतात. तोही चालत नाही, कारण नवं व्याज तुमच्या उत्पन्नाच्या डोक्यावर बसतं, पायथ्याशी नाही. आपल्याला हवा आहे तो या नव्या व्याजामुळे वाढणारा कर. तो काढायची एकच बिनचूक रीत आहे. ठेवीच्या व्याजाशिवाय कर किती येतो ते काढा, व्याज धरून किती येतो ते काढा, आणि वजाबाकी करा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्रात दोनदा आकडे भरले की झालं.

ही वजाबाकी किती वेगळं चित्र दाखवते, याचं एक उदाहरण बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. आता मानू या, कोणाचं निवृत्तिवेतन ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ११ लाख ६० हजार आहे. दुसरं उत्पन्न नाही. कर शून्य. तो १० लाख ९० हजारांची ठेव करतो आणि ७६,३०० व्याज येतं. उत्पन्न झालं १२,३६,३००. टप्प्यांप्रमाणे यावर कर होतो ६५,४४५. पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, अशी किरकोळ दिलाशाची तरतूद आहे. म्हणून कर ३६,३०० वर थांबतो, उपकर धरून ३७,७५२. हा माणूस टप्प्यांच्या तक्त्यात स्वतःला १५ टक्क्यांत बघतो. प्रत्यक्षात त्याच्या ७६,३०० व्याजातले ३७,७५२, म्हणजे जवळजवळ निम्मे, करात गेले. हातात राहिले ३८,५४८, मुदलावर साधारण साडेतीन टक्के. त्याने रोखे घेतले असते, तर करमुक्त व्याज उत्पन्नात धरलंच गेलं नसतं, उत्पन्न ११ लाख ६० हजारांवरच राहिलं असतं आणि कर शून्य. त्याच्यासाठी ५.४० चा रोखा फार पुढे आहे.

आता गंमत बघा. ज्याचं उत्पन्न १० लाख आहे, त्याचं ठेवीचं व्याज धरूनही ते १२ लाखांच्या आतच राहतं, कर शून्य, त्याला ठेव चांगली. ज्याचं १४ लाख आहे, त्याच्या व्याजावर १५.६ टक्केच कर लागतो, त्यालाही ठेव चांगली. मधला, १२ लाखांच्या उंबरठ्यावर उभा असलेला, त्याला रोखा चांगला. हा उंबरठा १२ लाखांपासून साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत आहे. त्या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो. आपल्यासारख्या बऱ्याच निवृत्त लोकांचं निवृत्तिवेतन याच सुमाराला असतं, म्हणून हे सविस्तर सांगितलं. महागाई भत्त्याची वाढ आली की तुम्ही या पट्ट्यात शिरता किंवा त्यातून बाहेर पडता, तेव्हा पाच वर्षांचा विचार करताना पुढच्या दोन-तीन वर्षांचं उत्पन्नही कागदावर मांडा.

जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांसाठी वजाबाकी पुन्हा वेगळी येते. तिथे साठीच्या वरच्या नागरिकाला ठेवींच्या व्याजातले पहिले ५०,००० वजा मिळतात. ही वजावट वापरायची शिल्लक असेल, तर ७६,३०० पैकी २६,३०० वरच कर लागेल. ३० टक्क्यांच्या टप्प्यातही कर होतो ८,२०६, आणि ठेव सव्वासहा टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे रोख्याच्या पुढे. पण आधीच्या ठेवींनीच ते ५०,००० संपवले असतील, तर नव्या ठेवीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच मी दर सांगत नाही, वजाबाकी सांगतो. ती हे सगळं आपोआप धरते.

आता बाजूच्या मुद्द्यांकडे. रोखा विकत घेताना हिशोब कुठे घसरतो, याची एक जागा दाखवतो. शेअर बाजाराच्या पडद्यावर या रोख्यांचा जो भाव दिसतो, त्यात मागच्या व्याजतारखेपासून साठत आलेलं व्याजही मिसळलेलं असतं. व्याजाची नोंद झाली की भाव तेवढा खाली येतो. समजा आपलाच रोखा व्याज मिळून सहा महिने झाल्यावर १,११९ ला दिसतोय. तुम्ही मघाच्या ओळीत १,०९० च्या जागी १,११९ घातले, तर उत्तर येईल ४.७७, आणि तुम्ही म्हणाल, ठेवीचे ४.९४ बरे. हे चूक आहे. त्या ओळीने धरलं की पहिलं व्याज वर्षाने मिळणार, खरं तर ते सहाच महिन्यांत मिळणार आहे. अशा वेळी एक्सेलमधलं `XIRR` वापरा. एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात रक्कम, खरेदीच्या दिवशी उणे १,११९, मग प्रत्येक व्याजतारखेला ७५, शेवटच्या तारखेला १,०७५. उत्तर पुन्हा ५.४० च येईल. म्हणजे १,११९ चा भाव महाग नव्हता, तोच होता. दलाली आणि शुल्कही खरेदीच्या रकमेतच मिळवा. एका रोख्यामागे ५ रुपये वर गेले तर परतावा जवळजवळ ०.११ टक्क्याने उतरतो.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी बघायची. काही मालिकांमध्ये जास्तीचा व्याजदर फक्त मूळ वाटप झालेल्या लहान गुंतवणूकदाराला होता, रोखा दुसऱ्याच्या नावावर गेला की तो कमी होतो. तेव्हा नावातला दर तुम्हाला मिळेलच असं नाही. त्या मालिकेच्या अटींमध्ये तुम्हाला कुठला दर लागू होईल ते पाहून मगच ७५ चा आकडा भरा.

करमुक्त हा शब्दही फक्त व्याजापुरता आहे. मुदतीआधी नफ्यात विकलात, तर भांडवली नफ्यावर कर लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर सध्या साडेबारा टक्के, अधिक उपकर. उलट, मुदतपूर्तीला जे ९० रुपये कमी मिळतात, तो दीर्घकालीन भांडवली तोटा. तो व्याजातून किंवा निवृत्तिवेतनातून वजा होत नाही, फक्त दुसरीकडचा दीर्घकालीन भांडवली नफा असेल तर त्यातूनच होतो. तसा नफा नसेल तर तो हिशोबात धरू नका.

शेवटी, परतावा जवळजवळ सारखा आला तर काय पाहायचं? पहिलं, पैसे मधेच लागतील का? ठेव मोडता येते, बँक व्याजात थोडी कपात करते आणि पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतात. रोखा विकायला समोर घेणारा लागतो. काही मालिकांत दिवसभरात मोजकेच व्यवहार होतात, आणि घाईत विकायचं तर भाव सोडावा लागतो. शिवाय बाजारातले व्याजदर वाढले की रोख्याचा भाव पडतो. शेवटपर्यंत धरून ठेवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, मधे विकणाऱ्याला पडतो. म्हणजे ५.४० हा आकडा शेवटपर्यंत थांबणाऱ्यासाठीच आहे. दुसरं, सुरक्षितता. बँक ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. करमुक्त रोखे सरकारी संस्थांचे असतात, पण त्यावर केंद्र सरकारची हमी आहे असं समजू नका, परतफेडीची जबाबदारी त्या संस्थेची असते.

आणि तिसरं, समोर फक्त हे दोनच कागद नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२५-२६ मध्ये ८.२ टक्के आहे, मर्यादा ३० लाखांची. त्यालाही हेच माप लावा. तिमाही धरून ८.४६, त्यातून ३१.२ टक्के कर गेला की ५.८२ उरतात. म्हणजे आपल्या उदाहरणात ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसालाही आधी ती मर्यादा भरणं फायद्याचं, आणि रोख्याची तुलना त्यानंतर उरलेल्या पैशाची. उंबरठ्यावरच्या माणसाने मात्र इथेही वजाबाकी करूनच बघायचं.

तर कागदावर चार ओळी लिहायच्या. ठेवीचा वर्षाचा चक्रवाढ दर. वजाबाकीने काढलेला तुमच्या व्याजावरचा खरा कर. त्या दोन्हींवरून ठेवीचा करपश्चात परतावा. आणि दलालीसकट तुमच्या खरेदीभावावर रोख्याचा मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा. तिसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवा. फरक पाव टक्क्याहून कमी असेल तर सोय पाहून ठरवा, जास्त असेल तर आकड्याचं ऐका. आणि भाव किंवा तुमचं उत्पन्न बदललं, की चारही ओळी नव्याने लिहा, मागच्या वर्षीचं उत्तर या वर्षी वापरू नका.